पान पिवळं, कुंडी ओली

जुलैचा दुसरा आठवडा. पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटचा दिवाणखाना डोळ्यासमोर आणा. टीव्हीशेजारी चिनी मातीच्या पांढऱ्या कुंडीत मनी प्लांट आहे. बाहेर पावसाची रिपरिप चालू, खिडक्या अर्ध्या मिटलेल्या. गेल्या दहा दिवसांत त्या वेलाची पाच पानं पिवळी पडली आहेत आणि उरलेली मान टाकून बसली आहेत. आजींचं निदान तयार असतं, "पाणी कमी पडतंय त्याला." सून म्हणते, "अहो आई, मी रोज सकाळी एक मग घालते की." तेवढ्यात नातू सांगतो की शाळेतून आल्यावर तोही कधी कधी घालतो. यावर थोडी चर्चा होते आणि शेवटी, पान मलूल दिसतंय ना, मग असू दे म्हणून आणखी एक मग ओतला जातो.

त्याच घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीत, सरबताच्या रिकाम्या बाटलीत याच वेलाचा एक तुकडा तीन वर्षांपासून उभा आहे. त्याची मुळं चोवीस तास पाण्यात असतात, माती नावालाही नाही, आणि पानं मात्र तकतकीत हिरवी. बाटलीत पाण्यातच राहणारा वेल ठणठणीत आणि रोज मगभर पाणी मिळणारा आजारी, हे कोडं सुटलं की कुंडीतल्या पिवळ्या पानाचं अर्धं निदान हाती येतं.

मुळं पाणी शोषतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती श्वासही घेतात, हे सहसा लक्षात येत नाही. पाणी आणि क्षार आत ओढायला मुळांना ऊर्जा लागते आणि ती ऊर्जा तयार करायला ऑक्सिजन लागतो. चांगल्या मातीत कणांच्या मधल्या पोकळ्यांतून हवा खेळत असते, तिथून मुळांना तो मिळतो. पाणी घातलं की या पोकळ्या भरतात, जास्तीचं पाणी खालच्या भोकातून निथळून गेलं की पुन्हा हवा आत शिरते. रोज पाणी पडत राहिलं की पोकळ्या रिकाम्या व्हायला सवडच मिळत नाही. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट सावकाश सरकतो. त्यात शेणखत-गांडूळखत घातलेल्या मातीत असंख्य सूक्ष्मजीव असतात आणि उरलासुरला ऑक्सिजन तेच आधी संपवतात. मुळं बुडून मरत नाहीत, गुदमरून मरतात.

बाटलीतल्या वेलाची गोष्ट वेगळी आहे. त्याची मुळं पाण्यातच फुटलेली असतात आणि अशा मुळांच्या आत हवा वाहून नेणाऱ्या पोकळ्या जास्त असतात. बाटलीत खत नसतं, कुजणारं काही नसतं, त्यामुळे ऑक्सिजन खाणारी गर्दीही नसते. शिवाय आठवड्याला कोणीतरी पाणी बदलतं, म्हणजे ताजी हवा विरघळलेलं पाणी मिळतं. पाणी बदलायचा कंटाळा केला आणि ते हिरवट-बुळबुळीत झालं, तर बाटलीतला वेलही पिवळा पडतो. मुळात हा वेल पॅसिफिक महासागरातल्या मोओरेआ बेटाचा. रानात तो झाडाच्या बुंध्याला मुळं चिकटवत वर चढतो, त्याची पुष्कळशी मुळं तिथे उघड्या हवेत असतात. आपण त्याला चिनी मातीच्या भांड्यात कोंडतो, आणि बऱ्याचदा त्या भांड्याला भोकही नसतं.

आता पानाकडे येऊ. मुळं गुदमरली की ती पाणी ओढू शकत नाहीत. माती ओलीकिच्च असूनही पानांपर्यंत पाणी पोचत नाही, म्हणून पान मान टाकतं. कोरड्या कुंडीतलं पानही पाणी पोचत नाही म्हणूनच मान टाकतं. वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात आणि इथेच घरोघरी चूक होते. मलूल पान बघून पाणी घालणं ही सवय कोरड्या कुंडीत झाडाला वाचवते आणि ओल्या कुंडीत मारते.

रंगाचंही तसंच आहे. पानातलं हरितद्रव्य मोडलं की आधीपासूनच आत असलेले पिवळे रंग उघडे पडतात. ते मोडायला निमित्त काहीही चालतं. तहानलेला वेल जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याकडे पाठवतो, म्हणून खालची पानं पिवळी होतात. गुदमरलेल्या मुळांकडून एक रसायन वर पानांत जातं आणि तिथे त्याचं इथिलीन होतं. आढीतला आंबा ज्या वायूने पिकतो, तोच हा वायू. पिकलं पान हा मराठी शब्दप्रयोग वनस्पतिशास्त्राच्या इतका जवळ आहे, हे तो रुजवणाऱ्यांच्या गावीही नसेल. मुद्दा असा की नुसत्या पिवळ्या रंगावरून पाणी जास्त की कमी हे सांगता येत नाही. त्यासाठी पान हातात घ्यावं लागतं.

पाणी जास्त झालेलं पान पिवळं होतं तेव्हा मऊ असतं. बोटांत धरलं तर ओलसर, थोडं लिबलिबीत लागतं, दुमडलं तर तुटत नाही. देठाला हलका धक्का लागला तरी पान सुटून येतं. त्यावर तपकिरी-काळे डाग असतील तर तेही मऊ असतात आणि त्यांच्याभोवती पिवळं वलय असतं. पिवळेपणा फक्त खालच्या एखाद्या पानापुरता राहत नाही, मधली पानंही धरतात, कधी कधी नवं कोवळं पानही फिकट किंवा काळपट निघतं.

पाणी कमी पडलेलं पान आधी निस्तेज होतं. मनी प्लांटच्या पानाची चमक जाते, ते हाताला पातळ लागतं, कडा आत वळायला लागतात. मग सगळ्यात जुनी, खालची पानं पिवळी पडतात आणि टोकाकडून, कडेकडून तपकिरी होत सुकतात. हा सुकलेला भाग पापडासारखा कुरकुरीत असतो, चुरला की भुगा होतो. शेंड्याकडची पानं लोंबतात, पण बराच काळ हिरवी राहतात. आणि मुख्य म्हणजे पाणी मिळाल्यावर काही तासांत ती पुन्हा ताठ होतात. जास्त पाण्याने लोंबलेलं पान पाणी घातल्यावर ताठ होत नाही. काल घातलेल्या मगाने पान उठलं नाही, तर आज दुसरा मग घालून ते उठणार नाही.

तरीही पानाची साक्ष अर्धीच समजावी. पान म्हणजे उशिरा पोचलेलं पत्र आहे. मुळाशी काही बिघडलं तर ते पानावर दिसायला अनेकदा आठवडा-दोन आठवडे जातात. म्हणून आज पान पिवळं दिसलं तर आज पाणी किती घातलं हे विचारण्यापेक्षा पंधरा दिवसांपूर्वी काय बदललं हे विचारावं. पुण्या-मुंबईत जुलैमध्ये या प्रश्नाचं उत्तर बहुधा एकच असतं: पाऊस सुरू झाला. झाड पानांवाटे जे पाणी हवेत सोडतं ते हवा दमट आणि उजेड कमी असला की झपाट्याने घटतं. एप्रिलमध्ये जी कुंडी तीन दिवसांत सुकायची, तिला जुलैमध्ये दहा दिवसही लागू शकतात. सूनबाईंचा मग तोच आहे. पिणाऱ्याची तहान कमी झाली आहे.

मग खात्री कशी करायची? त्या दिवाणखान्यातल्या कुंडीपाशी परत जाऊ.

पहिलं काम, कुंडी उचलायची. कोरड्या आणि भिजलेल्या कुंडीच्या वजनात एवढा फरक असतो की चार-पाच वेळा उचलून पाहिल्यावर हाताला तो कळू लागतो. ही कुंडी दगडासारखी जड लागली. दुसरं, बोट. वरची माती बघून उपयोग नाही. पंख्याखाली ती काही तासांत सुकल्यासारखी दिसते आणि खाली चिखल असतो. बोट दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर आत घालायचं. गार लागलं आणि माती बोटाला चिकटून आली तर ओल आहे. कुंडी खोल असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. खराट्याची जाड काडी किंवा कबाबाची लाकडी काडी थेट तळापर्यंत घालून दहा मिनिटांनी काढावी. जिथवर ती काळसर आणि मातीने माखलेली येते तिथवर ओल. आपल्या उदाहरणात काडी वरून खालपर्यंत ओली निघाली, आणि तिला नाल्यासारखा वास होता. ताज्या मातीला पहिल्या पावसाचा वास येतो. आंबूस, सडका वास आला तर पुढचं बोलायची गरज नसते. कुंडीवर बारीक काळी चिलटं उडत असतील तर तीही सतत ओल्या मातीचीच खूण.

तिसरं काम करायला लोक घाबरतात, पण निकाल तिथेच लागतो. पांढऱ्या कुंडीच्या आत नर्सरीची प्लास्टिकची कुंडी होती. ती बाहेर काढली तेव्हा पांढऱ्या कुंडीच्या तळाशी चार बोटं पाणी साचलेलं दिसलं. भोक नाही, निचरा नाही, आतली कुंडी पंधरा दिवस त्या पाण्यात उभी. आतली कुंडी आडवी धरून कडेने थापटली आणि वेल मातीच्या गड्ड्यासकट सरकवून काढला. निरोगी मुळं पांढरट किंवा फिकट पिवळसर आणि दोऱ्यासारखी चिवट असतात. इथे खालच्या अर्ध्या भागातली मुळं तपकिरी आणि बुळबुळीत होती. एक धरून हलकेच ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात नुसता बारीक धागा राहिला. मूळकुजीची ही पक्की खूण. गुदमरून मेलेल्या मुळांवर पिथियमसारख्या, पाण्यात पसरणाऱ्या बुरशीसदृश जीवांचं फावतं, आणि मग कूज चांगल्या मुळांकडेही सरकते.

गड्ड्यात आणखी एक गोष्ट दिसली, जी आपल्याकडच्या नर्सरीतल्या झाडांत फार सापडते. मधोमध घट्ट लाल मातीचा गोळा, नर्सरीच्या काळ्या पिशवीतला, जसाच्या तसा. त्याच्याभोवती नंतर भरलेलं हलकं कोकोपीट. लाल माती बारीक कणांची आणि चिकट, एकदा भिजली की लवकर सुकत नाही. बोट घातलं जातं ते कडेच्या कोकोपीटमध्ये, ते कोरडं लागतं, म्हणून पाणी घातलं जातं, आणि मधला गोळा मात्र महिनाभर ओला. उन्हाळ्यात नेमकं उलट होतं. गोळा विटेसारखा वाळतो, पाणी भोवतालच्या सैल कोकोपीटमधून खाली पळून जातं आणि मुळं जिथे आहेत तिथे थेंब पोचत नाही. म्हणून काडी कडेला नव्हे, खोडाजवळ घालायची.

इलाज मोठा नव्हता. लाल मातीचा गोळा हाताने हलकेच मोकळा केला. कात्री स्पिरिटने पुसून कुजलेली सगळी मुळं चांगल्या भागापर्यंत कापली. मुळं निम्मी राहिली, म्हणून कुंडीही लहान घेतली, ८ इंचांऐवजी ६ इंचांची. इथे बहुतेक जण आजारी झाडाला ऐसपैस जागा म्हणून मोठी कुंडी देतात. पण थोड्या मुळांना भोवतालची एवढी ओल पिऊन संपवता येत नाही आणि कूज पुन्हा सुरू होते. नवी माती सैल हवी, म्हणून लाल माती, कोकोपीट आणि परलाइट सारख्या भागांत घेतली, वर मूठभर जुनं शेणखत. परलाइट नसेल तर जाडी वाळू चालते. तळाशी विटांचे तुकडे किंवा खडे भरायची जुनी पद्धत मात्र टाळली. निचऱ्यासाठी म्हणून ते घालतात, पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, मातीच्या तळालाच अडून राहतं. खड्यांनी चिखलाचा थर फक्त वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकावर जाळीचा किंवा खापराचा एक तुकडा माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता पुरेसा.

एकदा पाणी घालून निथळू दिलं आणि कुंडी खिडकीजवळ, थेट ऊन येणार नाही अशा उजेडात ठेवली. महिनाभर खत नाही, कारण जखमी मुळांना खताचे क्षार झोंबतात. पूर्ण पिवळी पानं काढली. ती परत हिरवी होत नाहीत, हरितद्रव्य एकदा मोडलं की पान गेलंच म्हणायचं. सावधगिरी म्हणून वेलाचे दोन शेंडे, प्रत्येकी दोन-तीन पेरांचे, कापून स्वयंपाकघरातल्या बाटलीत खोचले. खालचं झाड दगावलं तरी वाण राहतो.

आता याच घरात पुढच्या वर्षीचा मे महिना. सगळे बारा दिवस गावाला गेले. परत आल्यावर बघतात तर खालची पानं पिवळी, टोकं तपकिरी, वेल लोंबलेला. गेल्या वर्षीचा धडा घरात पक्का बसलेला, त्यामुळे सून म्हणाली, "पाणी जास्त झालं असेल, हात लावू नका." पण कुंडी उचलली तर खेळण्यासारखी हलकी. माती आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटलेली, मध्ये बोटभर फट. पानाची कड चुरली तर भुगा. काडी तळापर्यंत कोरडी ठक्क.

तांब्याभर पाणी ओतलं आणि अर्ध्या मिनिटात ताटलीत पाणी उतरलं. बघणाऱ्याला वाटतं झाड पोटभर प्यायलं. खरं तर पाणी त्या फटीतून थेट खाली गेलं. पूर्ण वाळलेलं कोकोपीट पाणी झटकतं, सहजासहजी भिजत नाही. अशा वेळी कुंडी बादलीत ठेवून निम्म्याच्या वर येईल एवढं पाणी भरायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, भिजू द्यायचं. मग बाहेर काढून नीट निथळायचं. संध्याकाळपर्यंत वरची पानं ताठ झाली, खालची पिवळी चार पुढच्या आठवड्यात गळून गेली.

यानंतरचे पंधरा दिवस अवघड असतात. कोरड पडली तेव्हा मुळांची कोवळी टोकं मेलेली असतात, पाणी शोषण्याची ताकद घटलेली असते. घरच्यांना मात्र अपराधी वाटतं, आणि त्या भरात रोज पाणी सुरू होतं. बारा दिवस तहानलेलं झाड मग जून उजाडेपर्यंत कुजायला लागतं. कमी पाण्याने आजारी पडलेली पुष्कळ झाडं शेवटी जास्त पाण्यानेच जातात.

पाणी जास्त होणं म्हणजे एका वेळी जास्त ओतणं नव्हे. एका वेळी भरपूरच घालावं, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि अर्ध्या तासाने ताटली ओतून टाकावी. नुकसान होतं ते दोन पाण्यांमधलं अंतर न ठेवल्याने. रोज अर्धी वाटी पाण्याने कुंडीचा वरचा थर कायम ओला राहतो आणि काही वेळा तळ कोरडाच. दारातल्या तुळशीला रोज तांब्याभर पाणी मिळतं आणि ती तगते, कारण तिला ऊन आणि वारा मिळतो. तीच तुळस बंद गॅलरीत पावसाळ्यात रोज पाणी पिऊन पिवळी पडते. पूजेचं पाणी थांबवणं कोणाच्या जिवावर येत असेल तर पळीभर घालावं, तांब्याभर नको.

सगळीच झाडं मनी प्लांटसारखी बोलकी नसतात. पीस लिली तहान लागली की नाटक केल्यासारखी सगळी पानं खाली टाकते आणि पाणी मिळताच दोन-चार तासांत उठते. तिच्याबाबत चूक होणं कठीण. स्नेक प्लांट आणि झीझी ही झाडं पाणी साठवून ठेवणारी, महिनाभर पाणी नसलं तरी तक्रार करत नाहीत. त्यांचं पान किंवा दांडा पिवळा पडून बुडाशी मऊ लागला तर पाणी जास्त झालं असंच धरून चालावं, आणि ते दिसेपर्यंत आतला कंद बराच कुजलेला असतो.

काही पिवळेपणाचा पाण्याशी संबंधच नसतो. महिन्या-दोन महिन्यांत सर्वांत खालचं एखादं पान पिवळं होऊन गळणं हे वय झालं एवढंच. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं चित्र असेल तर झाडाला लोह मिळत नाही. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलं की माती अल्कधर्मी होते, लोह असूनही मुळांना घेता येत नाही. पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि मागच्या बाजूला जाळं असेल तर कोळी कीड. बाजारात मिळणारे मातीत खोचायचे स्वस्त ओलावामापक बघून मात्र निर्णय घेऊ नये. त्यांतले बरेचसे मुळात मातीतली विजेची वाहकता मोजतात. खत घातलेल्या मातीत ते ओल नसताना ओल दाखवतात आणि सैल कोकोपीटमध्ये ओल असताना कोरडं. खराट्याची काडी त्यापेक्षा खरं बोलते.

जुलैत मुळं कापलेल्या त्या वेलाने जवळजवळ दीड महिना काहीच केलं नाही. पानं गळायची थांबली होती, एवढीच खूण. गणपतीच्या सुमारास शेंड्याला एक गुंडाळलेलं पोपटी पान दिसलं. पांढऱ्या कुंडीला तोवर खालून भोक पाडून घेतलं होतं. आजी अजूनही सकाळी मग घेऊन दिवाणखान्यात येतात, डाव्या हाताने कुंडी जराशी उचलतात, "जड आहे अजून" असं पुटपुटतात आणि ते पाणी गॅलरीतल्या जास्वंदीला घालतात.